मिरजेची जवारी आणि 7,200 चित्रं

मिरजेच्या सतारमेकरांवर 10 मिनिटांचा ॲनिमेटेड माहितीपट काढायचाय? निधीच्या अर्जात आधी सांगा, ॲनिमेशनच का? जवारी काढताना कारागीर घोडीचा माथा कानशीने इतका किंचित उतरवतो की कॅमेऱ्यात काही कळत नाही. तार तिथे कशी घासते, ते चित्रातच मोठं करून दाखवता येतं.

मग खर्च. सेकंदाला 12 चित्रं, म्हणजे एकूण 7,200. चित्रकार दिवसाला 20 काढतो असं धरलं, तर 360 दिवसांचं मानधन. हा हिशेब मांडाच. नुसत्या ठोक रकमेवरून काही कळत नाही. चित्रांच्या संदर्भासाठी केलेल्या चित्रीकरणात कारागिराचा बुडणारा रोजही वेगळा दाखवा, तो त्याच्या हक्काचा आहे.

प्रेक्षक म्हणून ‘सर्वसामान्य जनता’ लिहू नका. सतारीचे विद्यार्थी, संगीत विद्यालयं, मुंबईचा मिफ महोत्सव असं नेमकं लिहा.