डोळ्यांदेखत

लहानपणी मुलांच्या मासिकात ‘दोन चित्रांतले सहा फरक शोधा’ असे कोडे असायचे. पहिले चार फरक पटकन सापडायचे आणि उरलेल्या दोनांसाठी अर्धा तास जायचा. सापडल्यावर वाटायचे, एका चित्रात मुलीच्या फ्रॉकला खिसा आहे, दुसऱ्यात नाही. एवढी उघड गोष्ट आपल्याला दिसली कशी नाही? कोडे सोडवताना नजर काय करते ते आठवून पाहा. ती डावीकडच्या चित्रातली एखादी वस्तू उचलते, तेवढीच घेऊन उजवीकडे जाते, जुळवून पाहते आणि पुढची वस्तू घ्यायला परत येते. अख्खे चित्र एका खेपेत नेता आले असते, तर कोडे क्षणात सुटले असते. नजरेला ते जमत नाही.

हेच कोडे रोनाल्ड रेन्सिंक, केव्हिन ओ'रीगन आणि जेम्स क्लार्क या तिघांनी १९९७ मध्ये प्रयोगशाळेत फार नेमकेपणाने मांडले. अमेरिकेतल्या केंब्रिज शहरात निसान मोटार कंपनीची एक संशोधन प्रयोगशाळा होती, तिथे हे काम झाले. गाडी चालवणाऱ्याला समोरचे किती दिसते, याची चिंता मोटार कंपनीला असावी हे योग्यच. त्यांनी रोजच्या दृश्यांचे फोटो घेतले आणि प्रत्येकाची एक बदललेली प्रत तयार केली. मूळ चित्र पडद्यावर २४० मिलिसेकंद, म्हणजे पाव सेकंदाहून किंचित कमी वेळ दिसे. मग ८० मिलिसेकंद पडदा नुसता राखाडी होई, आणि पुन्हा चित्र येई. असे आलटून पालटून मूळ आणि बदललेले चित्र येत राही. बदल दिसला की बटण दाबायचे आणि काय बदलले ते सांगायचे, एवढेच काम. बदल होणार हे पाहणाऱ्याला आधीच सांगितलेले होते. त्याला तेवढेच शोधायचे होते.

या प्रयोगातला सर्वांत विचारपूर्वक भाग वेगळाच आहे. दृश्यातली कोणती गोष्ट महत्त्वाची आणि कोणती बिनमहत्त्वाची, हे संशोधकांनी स्वतः ठरवले नाही. त्यांनी आधी पाच जणांना तेच फोटो दाखवून थोडक्यात वर्णन करायला सांगितले. ज्या वस्तूचा उल्लेख तीन किंवा अधिक जणांनी केला ती दृश्याच्या केंद्रातली, आणि जिचा उल्लेख कोणीच केला नाही ती कडेची. एका फोटोत एक जोडपे जेवायला बसले आहे आणि त्यांच्या मागे आडवा कठडा आहे. तो कठडा एका चित्रात वर, दुसऱ्यात खाली. दुसऱ्या फोटोत विमानाच्या काचेतून समोर उडणारे हेलिकॉप्टर दिसते, ते जागा बदलते. हेलिकॉप्टर लोकांना लवकर सापडले. कठड्याला त्याच्या चौपट फेऱ्या लागल्या. सर्व चित्रांची सरासरी काढली, तर केंद्रातला बदल दिसायला साडेचार-पावणेपाच सेकंद आणि कडेचा बदल दिसायला जवळजवळ अकरा सेकंद लागले होते. कडेचे बदल आकाराने लहान होते असेही नाही. उलट ते थोडे मोठेच होते.

आता मधला तो ८० मिलिसेकंदांचा राखाडी पडदा काढून टाका. तीच चित्रे, तेच बदल, पण एकापाठोपाठ एक. मग बदल एक-दीड फेरीतच, सेकंदाच्या आत सापडतो. डोळ्याची पापणी लवायला लागतो त्याहूनही कमी वेळाचा हा पडदा एवढा गोंधळ का घालतो?

कारण एरवी बदल आपण आठवणीतून ओळखतच नाही. दृश्यात एखादी गोष्ट अचानक बदलली, की तेवढ्या जागी हालचालीसारखा एक झटका बसतो आणि लक्ष आपोआप तिकडे ओढले जाते. कोपऱ्यात पाल हलली की मान आपसूक वळते, तसेच. राखाडी पडदा आला-गेला की असा झटका एका जागी न बसता सबंध चित्रभर बसतो आणि खऱ्या बदलाची खूण त्यात बुडून जाते. मग उरते फक्त आठवण: आधी इथे काय होते आणि आता काय आहे, याची तुलना. ही तुलना करायची तर आधीचे चित्र साठवलेले हवे, आणि ते फार थोडे साठवलेले असते असे हा प्रयोग दाखवतो. डोळ्यांदेखत झालेला बदल असा नजरेतून सुटतो, त्याला बदल-अंधत्व म्हणतात.

प्रयोगशाळेतला पडदा कृत्रिम वाटेल, पण आपल्या डोळ्यांवर तसाच पडदा दिवसभर पडत असतो. आपली नजर सेकंदाला सुमारे तीनदा एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारते आणि त्या उडीत दिसणे जवळपास थांबते. शिवाय पापण्या लवतात, समोरून बस जाते. नजर ज्या बिंदूवर टेकते तिथेच खरे बारीक दिसते. हात लांब करून अंगठ्याचे नख पाहा, साधारण तेवढीच ती जागा. बाकीचे सारे दृश्य तितकेच स्पष्ट आहे असे वाटते, कारण हवे तिकडे नजर वळवली की ते स्पष्ट होतेच. ओ'रीगन यांचे म्हणणे असे की बाहेरचे जग हीच आपली वही आहे. ती समोर उघडी असताना मेंदू तिची नक्कल कशाला करील?

हे चित्रांपुरतेच असेल अशी शंका डॅनियल सायमन्स आणि डॅनियल लेव्हिन यांनाही आली. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात कॉर्नेल विद्यापीठाच्या आवारात एक माणूस हातात नकाशा घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्याला पत्ता विचारत असे. बोलणे सुरू असताना दोन माणसे एक लाकडी दार उचलून थेट दोघांच्या मधून जात. दाराच्या आडोशाने पत्ता विचारणारा बदलला जाई: पहिला दार धरून निघून जाई आणि दार आणणाऱ्यांपैकी एक त्याच्या जागी उभा राही. उंची वेगळी, कपडे वेगळे, आवाज वेगळा. पंधरा जणांपैकी आठ जण काहीच न झाल्यासारखे नव्या माणसाला पत्ता सांगत राहिले. ज्या सात जणांना माणूस बदलल्याचे कळले, ते सगळे विचारणाऱ्यांच्याच वयाचे विद्यार्थी होते. मग संशोधकांनी त्याच दोघांना बांधकाम मजुरांचे कपडे घालून पुन्हा विद्यार्थ्यांकडेच पाठवले. आता बारांपैकी फक्त चौघांना बदल कळला. एका विद्यार्थिनीने सांगितले की तिने फक्त ‘बांधकाम मजूर’ पाहिला होता, त्याचा चेहरा वगैरे नाही. साठवले गेले ते एवढेच: अमुक प्रकारचा माणूस. ज्याला आपण आपल्यातला मानतो त्याचा चेहरा ठेवतो, बाकीच्यांचा गणवेश. मला या प्रयोगातले सर्वांत अस्वस्थ करणारे सत्य हेच वाटते.

दुसरा प्रकार याच्या शेजारचा, पण वेगळा. त्यात काही बदलावे लागत नाही. वस्तू समोर असते, नजर तिच्यावर पडते, पण लक्ष दुसरीकडे गुंतलेले असल्याने ती जाणवतच नाही. याला अनवधान-अंधत्व म्हणतात. चेंडूचे पास मोजताना समोरून छाती बडवत गेलेला गोरिला निम्म्या लोकांना न दिसल्याचा १९९९ चा प्रयोग अनेकांना माहीत असेल. ट्रॅफ्टन ड्र्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये तोच गोरिला जाणकारांपुढे ठेवला. २४ रेडिओलॉजिस्टना फुप्फुसांच्या सीटी स्कॅनमध्ये लहान गाठी शोधायला सांगितले. शेवटच्या स्कॅनमध्ये एक गोरिलाचे चित्र घातले होते, सरासरी गाठीच्या ४८ पट मोठे. २० जणांना ते दिसले नाही. नजर कुठे फिरते हे टिपणारे यंत्र लावलेले होते, म्हणून आणखी एक गोष्ट समजली: त्या वीसांपैकी बारा जणांची नजर थेट गोरिलावर टेकून गेली होती. हा निष्काळजीपणा नव्हे. त्यांचे लक्ष लहान, गोल, पांढुरक्या गाठीसाठी जुळवलेले होते, आणि काळा गोरिला त्या चाळणीतून गळून गेला.

मग डोक्यात काहीच उतरत नाही का? सुरुवातीला काही संशोधकांनी तसे म्हटलेही. पण इथे थोडे थांबायला हवे. बदल कळण्यासाठी आधीचे साठवावे लागते, ते टिकवावे लागते आणि नव्याशी ताडून पाहावे लागते. यातली एकही पायरी चुकली तर बदल सुटतो. म्हणून बदल दिसला नाही, याचा अर्थ काहीच साठवले नव्हते असा होत नाही. सायमन्स यांनीच २००२ मध्ये हे दाखवले. या वेळी पत्ता विचारणाऱ्याच्या हातात लाल-पांढरा बास्केटबॉल होता आणि मधून जाणाऱ्या घोळक्याने तो गुपचूप काढून घेतला. बहुतेकांनी आपणहून काही सांगितले नाही. पण चेंडूबद्दल नेमके विचारल्यावर अनेकांना तो आठवला, त्याचे वेगळे रंगही सांगता आले. आठवण होती, फक्त तुलना झाली नव्हती.

ॲमस्टरडॅममध्ये व्हिक्टर लामे यांच्या गटाने २००३ मध्ये हीच गोष्ट आणखी काटेकोरपणे मोजली. पडद्यावर आठ लहान आयत, काही उभे, काही आडवे. ते नाहीसे होत, पडदा रिकामा राही आणि पुन्हा आयत येत, त्यातला एखादा फिरवलेला असे. दुसरे चित्र आल्यावर ‘या आयताकडे बघा’ अशी खूण केली, तर लोकांकडे सुमारे चारच आयतांचा हिशेब असे. पण खूण रिकाम्या पडद्यावर केली, पहिले चित्र जाऊन दीड सेकंद झाला असला तरी, जवळजवळ सगळ्यांचा हिशेब लागत असे. म्हणजे दृश्य काही क्षण बरेचसे टिकते आणि नवे चित्र आले की पुसले जाते. लक्षाने आधीच उचलून ठेवलेल्या तीन-चार गोष्टी मात्र वाचतात. त्या क्षणिक साठ्याला ‘जाणीव’ म्हणायचे का, यावर संशोधकांत अजून वाद आहे. माझ्या मते जे सांगता येत नाही आणि क्षणात पुसले जाते, त्याच्या भरवशावर ‘मी सगळे पाहिले’ असे कोणी म्हणू नये.

१९९५ च्या जानेवारीत बॉस्टनमध्ये केनी कॉनली हा पोलीस एका संशयिताच्या मागे पळत असताना जवळच काही पोलीस साध्या वेशातल्या आपल्याच एका सहकाऱ्याला, चुकून संशयित समजून, मारत होते. आपण ते पाहिले नाही असे कॉनलीने शपथेवर सांगितले. न्यायालयाला ते खोटे वाटले आणि १९९८ मध्ये तो दोषी ठरला. २०११ मध्ये सायमन्स, ख्रिस्टोफर शाब्रिस आणि सहकाऱ्यांनी लोकांना रात्री एका माणसामागे पळायला आणि तो डोक्याला किती वेळा हात लावतो ते मोजायला सांगितले. वाटेत तिघांची खोटी मारामारी मांडली होती. वीसांपैकी सात जणांना ती दिसली. कॉनलीची शिक्षा त्याआधीच रद्द झाली होती, पण दृष्टीच्या मर्यादेमुळे नव्हे. एका महत्त्वाच्या साक्षीदाराने, नक्की काय पाहिले ते आठवण्यासाठी आपल्याला संमोहित करा, असे एफबीआयला सुचवले होते, आणि तो कागद सरकारी पक्षाने बचाव पक्षाला दिलाच नव्हता.