टिकलेली ऑर्डर आणि जाहिरातीचा खरा हिशोब

कोल्हापुरातल्या माझ्या मावसबहिणीकडे कुरिअरवाला दुपारी येतो. जिन्याखाली रचलेली नवी पार्सलं तो पोत्यात भरतो आणि त्याच पोत्यातून आणलेली जुनी पार्सलं तिच्या हवाली करतो. ती खणाचे कुर्ते शिवून घेते आणि इन्स्टाग्रामवर जाहिरात देऊन विकते. परत आलेलं एक पार्सल मी तिच्यासोबत उघडलं. पत्त्याच्या लेबलवर दुसरं लेबल चिकटवलेलं होतं, कोपरा दबला होता. आतला कुर्ता घडी न मोडता तसाच होता, पण बाहीवर ओलाव्याचा फिकट डाग पडला होता. हा कुर्ता नांदेडजवळच्या एका गावी जाऊन 18 दिवसांनी घरी परतला होता. ज्यांनी मागवला त्यांनी दारात ‘आता नको’ म्हणून सांगितलं. पैसे वस्तू हातात आल्यावर द्यायचे होते, त्यामुळे त्यांचं काहीच गेलं नाही.

या परतीला धंद्यात आरटीओ म्हणतात. गाडीच्या परवान्याचं ते ऑफिस वेगळं. इथे त्याचा अर्थ ‘रिटर्न टू ओरिजिन’, म्हणजे पार्सल ग्राहकाने न स्वीकारल्यामुळे किंवा ग्राहक न सापडल्यामुळे निघालं तिथेच परत येणं. वस्तू हातात घेऊन, पैसे देऊन, मग नापसंत पडली म्हणून परत करणं ही वेगळी गोष्ट. हिशोबात दोन्हींना वेगळे रकाने लागतात.

भारतात फ्लिपकार्टने 2010 मध्ये कॅश ऑन डिलिव्हरी सुरू केली. न पाहिलेल्या दुकानाला आधी पैसे द्यायला लोक कचरत होते, ती भीती या सोयीने दूर केली. आज डिलिव्हरीवाला दारात क्यूआर कोड पुढे करतो, तरी ‘आधी वस्तू, मग पैसे’ हा भरवसा ग्राहकाला हवाच असतो. छोट्या, नाव नसलेल्या दुकानाला तर ही सोय बंद करणं परवडतच नाही. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो की अशा ऑर्डरींवर जाहिरातीचा पैसा खरोखर किती सुटतो.

मावसबहिणीच्या फोनवरचं जाहिरातीचं पान सांगत होतं, 4.2. म्हणजे जाहिरातीवर घातलेल्या 1 रुपयामागे 4 रुपये 20 पैशांची विक्री. या आकड्याला रोआस म्हणतात. तिला वाटत होतं की चारच्या वर आहे म्हणजे धंदा बरा चाललाय. पण महिनाअखेरीस बँकेत पैसे उरत नव्हते. कुरिअर कंपनी ग्राहकांकडून गोळा केलेल्या रकमेतून आपलं भाडं कापून उरलेली रक्कम पाठवते, त्यामुळे पैसा नेमका कुठे मुरतो हे बँकेच्या पासबुकात दिसत नाही. म्हणून आम्ही तिच्या एका महिन्यातल्या शंभर कॅश ऑन डिलिव्हरी ऑर्डरी घेतल्या आणि एकेकीचं शेवटी काय झालं ते वहीत लिहिलं. खालचे आकडे समजायला सोपे व्हावेत म्हणून गोल केले आहेत.

कुर्त्याची किंमत 5 टक्के जीएसटी धरून 1,050 रुपये. शंभर ऑर्डरींची किंमत झाली 1,05,000. त्या मिळवायला जाहिरातीवर 25,000 रुपये लागले, म्हणजे ऑर्डरमागे 250. भागाकार केला की 4.2 येतात. फोनवरचा आकडा चुकीचा नव्हता. तो फक्त पहिल्या पायरीवर थांबलेला होता. ग्राहकाने शेवटचं बटण दाबलं आणि आभाराचं पान उघडलं, की जाहिरातीच्या यंत्रणेच्या दृष्टीने विक्री झाली. रोख पैशाच्या ऑर्डरीत त्या क्षणी कुणीच काही दिलेलं नसतं.

पुढे काय झालं पाहा. शंभरांतल्या 6 ऑर्डरी पार्सल निघण्याआधीच गळाल्या. कुणी फोनवर नको म्हणालं, कुणी चुकून दोनदा मागवलं होतं. 94 पार्सलं निघाली. त्यातली 26 परत आली, 68 पोचली. पोचलेल्यांपैकी 4 जणांनी माप बसलं नाही म्हणून कुर्ता परत करून पैसे मागितले. शेवटी टिकल्या 64. जीएसटी सरकारचा, तो वगळला की हातात आले 64,000 रुपये. जाहिरातीच्या 25,000 ने भागलं की 2.56. विक्रीपुरता खरा रोआस हा.

आता खर्च. टिकलेल्या 64 कुर्त्यांचं कापड आणि शिलाई नगामागे 450 रुपये, एकूण 28,800. पॅकिंग 20 रुपये आणि जाण्याचं भाडं 75 रुपये, हे मात्र निघालेल्या सगळ्या 94 पार्सलांवर लागलं: 8,930. रोकड गोळा करण्याचा आकार पोचलेल्या 68 वर 35 रुपयांप्रमाणे 2,380. परतीचं भाडं 26 पार्सलांवर 65 रुपयांप्रमाणे 1,690. चार ग्राहकांच्या घरून कुर्ते उचलून आणायला 400. परत आलेल्या तीस नगांपैकी 4 डागाळलेले, चुरगळलेले, नवे म्हणून विकता येणार नाहीत असे निघाले, ते 1,800. सगळं मिळून 44,000.

64,000 मधून 44,000 गेले, उरले 20,000. जाहिरातीला लागले होते 25,000. म्हणजे 4.2 रोआस दाखवणाऱ्या शंभर ऑर्डरींत 5,000 रुपये तोटा. सगळ्या ऑर्डरी टिकल्या असत्या तर याच दरांनी 17,000 नफा झाला असता. मधला 22,000 रुपयांचा फरक तिच्या फोनवर कुठेच उमटत नव्हता.

या हिशोबातून तिला कामाचा एक आकडा मिळाला. जाहिरातीआधी शंभर ऑर्डरींमागे 20,000 उरतात, म्हणजे एक ऑर्डर आणायला तिला जास्तीत जास्त 200 रुपये परवडतात. 1,050 ला 200 ने भागलं की 5.25. फोनवरचा रोआस 5.25 च्या वर असेल तरच तिचं काही सुटतं, त्याखाली प्रत्येक ऑर्डर गाठचे पैसे खाते. हा आकडा तिच्या मालाचा, तिच्या भाड्याचा आणि तिच्या परतीच्या प्रमाणाचा आहे. दुसऱ्या दुकानाला तो लागू पडणार नाही. प्रत्येकाने आपल्या वहीतून आपला काढायचा.

असा हिशोब करताना बहुतेकांची चूक तारखांमध्ये होते. लोक या महिन्यात परत आलेल्या पार्सलांना या महिन्यातल्या ऑर्डरींनी भागतात. पण कुरिअरवाला साधारण तीन वेळा प्रयत्न करतो, मग पार्सल परतीला लागतं, त्यात दोन-तीन आठवडे सहज जातात. आज आलेली परत ही मागच्या महिन्यातल्या ऑर्डरीची असते. धंदा वाढत असेल तर ऑर्डरी आजच्या जास्त आणि परती मागच्या कमी, त्यामुळे प्रमाण खोटं कमी दिसतं. उपाय सोपा आहे. ऑर्डर ज्या दिवशी आली त्या दिवसाच्या गटात तिला ठेवायचं आणि गट महिनाभर पिकू द्यायचा. टिकलेल्या, दारात नाकारलेल्या, नंतर परत केलेल्या आणि आधीच रद्द झालेल्या ऑर्डरींची बेरीज शंभर भरली, की त्या गटाचा रोआस काढायचा. बेरीज 88 येत असेल तर 12 पार्सलं अजून वाटेत आहेत, आणि वाटेत रेंगाळलेल्या पार्सलांत परतणारी जास्त असतात.

गट पिकल्यावर तिने ऑर्डर क्रमांकासमोर जाहिरातीचं नाव लिहिलं, तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. ‘आज शेवटचा दिवस’ म्हणणाऱ्या जाहिरातीतून ऑर्डरी सर्वांत स्वस्त येत होत्या, आणि त्यांतल्या निम्म्या परत येत होत्या. कापड हातात घेऊन त्याची वीण, काठ आणि माप दाखवणाऱ्या साध्या व्हिडिओतून ऑर्डरी महाग पडत होत्या, पण त्या टिकत होत्या. यंत्रणेला बटण दाबणारी माणसं शोधायला सांगितलं की ती तशीच माणसं शोधते. ती पार्सल घेतील का, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. पोचल्याची बातमी यंत्रणेला कळवायची सोय आहे, पण इन्स्टाग्रामच्या जाहिराती नेहमीच्या मांडणीत क्लिकनंतरच्या 7 दिवसांतलीच खरेदी मोजतात. दूरच्या गावी पार्सल त्यानंतर पोचलं तर ती बातमी वाया जाते. म्हणून फोनवर पक्की झालेली किंवा थोडी आगाऊ रक्कम आलेली ऑर्डर दोन दिवसांत ‘खरेदी’ म्हणून कळवणं जास्त उपयोगी पडतं.

परतीला तीन ठिकाणी अडवता येतं, आणि तिन्ही ठिकाणची किंमत वेगळी आहे. कच्ची ऑर्डर ओळखून पार्सल पाठवलंच नाही, तर पॅकिंग, जाणं आणि येणं मिळून 160 रुपये वाचतात. जाहिरातीचे 250 मात्र गेलेलेच असतात. तशी ऑर्डर मुळात आणलीच नाही, तर 410 वाचतात. आणि दारात अडकलेलं पार्सल ग्राहकाच्या हातात पोचवलं, तर जाहिरात, पॅकिंग आणि जाण्याचं भाडं आधीच खर्च झालेलं असल्यामुळे 580 रुपयांचा फरक पडतो. त्या 26 पैकी 9 पार्सलं जरी पोचून टिकली असती, तरी तिचा तोटा भरून निघाला असता.

म्हणून तिने रोज सकाळचा अर्धा तास न पोचलेल्या पार्सलांच्या यादीसाठी ठेवला. पहिल्याच दिवशी यादीत एका पार्सलापुढे ‘ग्राहकाने नाकारले’ असा शेरा होता, वेळ रात्री 9 वाजून 40 मिनिटं. तिने फोन लावला. पलीकडच्या बाई म्हणाल्या, “अहो, आमच्याकडे कुणी आलंच नाही. फोनही आला नाही. मी तर वाट बघतेय.” यादी पुन्हा पाहिली, तर त्याच मिनिटाला त्याच भागातल्या आणखी चार पार्सलांना तोच शेरा. पाच घरं एका मिनिटात होत नाहीत. तिने पत्त्याजवळची खूण विचारून घेतली, पुन्हा प्रयत्न करायची नोंद टाकली, आणि ते पार्सल दोन दिवसांनी पोचलं.

प्रत्येक परत अशी अडवता येत नाही. घरात रोकड नसते, घरचे नको म्हणतात, मन बदलतं. शंभर रुपये आगाऊ मागितले की परती घटतात, पण ऑर्डरीही घटतात आणि फोनवरचा रोआस खाली येतो. तो घसरलेला बघून घाबरायचं की नाही, हे वहीतला पिकलेला गटच सांगतो. मावसबहिणीच्या वहीच्या पहिल्या पानावर आता एकच भागाकार असतो: जाहिरातीचा खर्च भागिले टिकलेल्या ऑर्डरी. त्या महिन्यात तो 390 आला होता. एकही पार्सल परत आलं नाही तरी एका कुर्त्यामागे तिला जाहिरातीआधी 420 रुपयेच सुटतात. त्या दोन आकड्यांमध्ये राहिलेल्या 30 रुपयांतून तिला परतीची सगळी भाडी आणि डागाळलेले कुर्ते भागवायचे होते, आणि ते शक्यच नव्हतं.