मध्येच बोलणारा निवेदक

मालिका सुरू होते, पात्रं गप्प होतात आणि कुणीतरी शांत स्वरात सांगू लागतं : ‘तो दार लोटतो, जिन्याकडे बघतो.’ टीव्ही बिघडलेला नसतो. ते ऑडिओ डिस्क्रिप्शन असतं. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी पडद्यावर काय घडतंय ते संवादांच्या मधल्या जागेत सांगितलं जातं. नेटफ्लिक्सने ही सोय २०१५मध्ये ‘डेअरडेव्हिल’पासून सुरू केली. त्या मालिकेचा नायक अंध वकील आहे, म्हणजे सुरुवात अगदी योग्य ठिकाणी झाली!

हे निवेदन संवादांवर वरून चढवलेला थर नसतो, म्हणून ते वेगळं पुसून टाकायचं बटण शोधत बसू नये. संवाद, संगीत आणि निवेदन एकत्र मिसळलेला तो एक वेगळा ट्रॅक असतो. तो सोडून साधा ट्रॅक निवडला की निवेदन थांबतं आणि संवाद जसेच्या तसे राहतात.

नेटफ्लिक्सवर मालिका चालू असतानाच Audio & Subtitles उघडा. फोनवर पडद्याला एकदा स्पर्श केला, टीव्हीवर रिमोटचं वरचं किंवा खालचं बटण दाबलं की हा पर्याय दिसतो. तिथे बहुधा English - Audio Description निवडलेलं असतं.

बहुतेकांची फसगत इथून पुढे होते. समजा, ‘स्क्विड गेम’ हे निवेदन ऐकू येत असताना बघताय. मालिका मुळात कोरियन, पण इंग्रजी निवेदन इंग्रजी डबिंगसोबत मिसळलेलं. घाईत नुसतं English निवडलं, तर निवेदक जातो, डबिंग मात्र उरतं, आणि ओठ एकीकडे, शब्द दुसरीकडे असा प्रकार चालू राहतो. मूळ संवाद हवे असतील तर Korean हा पर्याय घ्यायचा. त्याच्यापुढे Original लिहिलेलं असतं. सबटायटल्सची निवड वेगळी असते. ती तिथेच, पण स्वतंत्रपणे करावी लागते.

साधा ट्रॅक निवडूनही निवेदन परत येत असेल, तर दोष अ‍ॅपबाहेर शोधावा. आयफोन आणि अ‍ॅपल टीव्हीच्या सेटिंग्जमध्ये Accessibility खाली Audio Descriptions नावाचा स्वतंत्र स्विच असतो. तो चालू असेल तर निवेदनाचा ट्रॅक असेल तिथे त्यालाच पसंती मिळते.

आवाज फक्त मेनूतली नावं आणि बटणं वाचून दाखवत असेल, तर मामला वेगळा. ते फोनचं किंवा टीव्हीचं स्क्रीन रीडर. अँड्रॉइडवर त्याला टॉकबॅक म्हणतात; बऱ्याच फोनवर आवाजाची दोन्ही बटणं एकत्र काही सेकंद दाबली गेली की ते चालू होतं, आणि तसंच बंदही होतं. मुलांच्या हातून हे हमखास घडतं.

घरात कुणाला निवेदनाची गरज असेल तर त्यांचं प्रोफाइल वेगळं ठेवावं. भाषेची निवड प्रोफाइलपुरती लक्षात राहते, त्यामुळे एकाने बंद केलेलं दुसऱ्याला पुन्हा सुरू करत बसावं लागत नाही.