बूस्टचं बटण कुठवर पुरतं?

समजा, देवगडचा एक बागायतदार एप्रिलात पुण्याला हापूस पाठवतो. फेसबुक पेजवर त्याने पेटीचा फोटो टाकला, की खाली ‘बूस्ट पोस्ट’चं बटण दिसतं. ते दाबलं, पैसे भरले, की झाली जाहिरात. आणि दोन दिवसांत आठशे लाइक येऊनही पेट्या मात्र जागच्या जागीच, असं पुष्कळदा होतं.

यात फसवणूक काही नसते. बूस्ट करताना हेतू विचारला जातो. तिथे प्रतिसाद वाढवणं निवडलं, तर फेसबुक शहरातून लाइक आणि कमेंट करणारी माणसं शोधून काढतं. ती माणसं आंबा घेणारी असतीलच असं नाही. यंत्रणा मागाल ते देते, मनातलं ओळखत नाही. त्याच बटणामागे संदेश मिळवण्याचा पर्यायही असतो. तो निवडला, ठिकाण फक्त पुणे ठेवलं आणि दर, वजन, पोचवण्याचा दिवस हे सगळं पोस्टमध्येच लिहिलं, तर हिशोब बदलतो.

कल्पित आकडे घेऊन पाहू. रोज 500 रुपये, चार दिवस. दोन हजारांवर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 2,360. चाळीस जणांनी व्हॉट्सअ‍ॅपवर विचारणा केली, नऊ जणांनी आंबे घेतले. एका ऑर्डरमागे जाहिरातीचा खर्च पडला सुमारे 262 रुपये. फळाची किंमत, खोका, गाडीभाडं जाऊन एका ऑर्डरमागे 350 रुपये उरत असतील, तर जाहिरात परवडली. 200च उरत असतील, तर लाइक कितीही येवोत, हा धंदा तोट्याचा. हे कळायला वहीत दोनच रकाने लागतात: विचारणा किती आणि विक्री किती. एक शहर, मोजक्या पेट्या, सौदा व्हॉट्सअ‍ॅपवर आणि पैसे यूपीआयने, एवढंच काम असेल तर माझ्या मते बूस्टच्या पुढे जायची गरज नाही. मोठी साधनं शिकवणारे क्लासवाले हे सांगत नाहीत, कारण मग क्लास कुणाला विकायचा?

आता तोच बागायतदार शेजारच्या चौघांना घेऊन वेबसाइट काढतो. पैसे तिथेच भरायचे, माल मुंबई-नाशिकलाही जाणार. इथे अ‍ॅड्स मॅनेजर कामाला येतं, आणि त्याचं मुख्य कारण पिक्सेल. वेबसाइटमध्ये बसवायचा हा छोटासा कोड कुणी पान पाहिलं, कुणी कार्टमध्ये पेटी टाकली, कुणी पैसे भरले, हे मेटाला कळवतो. मग मोहिमेचा हेतू ‘विक्री’ ठेवता येतो आणि यंत्रणा क्लिक करणाऱ्यांऐवजी पैसे भरणाऱ्यांसारखी माणसं शोधू लागते. गेल्या वर्षीच्या गिऱ्हाइकांची यादी, त्यांची संमती असेल तर, चढवून त्यांना या जाहिरातीतून वगळता येतं. जे आपणहून फोन करणारच आहेत, त्यांच्यावर पैसे कशाला घालायचे?

पण ही यंत्रणा शिकते ती उदाहरणांवरून. एका अ‍ॅड सेटला स्थिरावायला आठवड्याभरात साधारण 50 अपेक्षित घटना लागतात, असं मेटाच सांगते. एका खरेदीला 250 रुपये पडत असतील, तर आठवड्याला 12,500 रुपये, वर जीएसटी. रोज 500 घालणाऱ्याला हे जमणार नाही. मग ‘खरेदी’ऐवजी ‘कार्टमध्ये टाकणं’ ही अलीकडची पायरी लक्ष्य धरायची, कारण ती जास्त वेळा घडते. पाच वेगवेगळ्या अ‍ॅड सेटमध्ये पैसे वाटून टाकण्यापेक्षा एकच चालवायचा. शिवाय रोज उठून बजेट, फोटो, वयोगट यांत मोठे फेरफार केले, की शिकणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकतं. हापूसचा हंगाम तो केवढा! त्यातले दोन आठवडे असे घालवले, की हाती काय राहणार?

आणखी एक अडचण आपल्याकडे हटकून येते. गिऱ्हाईक वेबसाइट पाहतं, पण ‘दादा, जरा कमी करा’ म्हणत व्हॉट्सअ‍ॅपवर येतं आणि पैसे यूपीआयने पाठवतं. ही विक्री पिक्सेलला दिसतच नाही. अहवालात चार ऑर्डरी, बँकेत अकरा. याच्या उलटही घडतं: जाहिरातीवर क्लिक केल्यानंतर सात दिवसांत झालेली खरेदी नेहमीच्या मांडणीत जाहिरातीच्या खात्यावर जमा होते, मग ते गिऱ्हाईक एरवीही आलं असतं का, हे कुणी विचारत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा अहवाल बँकेच्या नोंदींशी ताडून पाहावा. बहुतेक सौदे व्हॉट्सअ‍ॅपवरच होत असतील, तर विक्रीची मोहीम अर्धी आंधळी चालते. तेव्हा एकतर पैसे वेबसाइटवरच घ्यावेत, नाहीतर मुकाट बूस्टकडे परतावं.

दोन्हींमध्ये भिंत मात्र नाही. बूस्ट केलेली पोस्ट अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये मोहीम म्हणून दिसतेच. तिथे जाऊन वयोगटानुसार आणि फेसबुक-इन्स्टाग्रामनुसार खर्चाची फोड पाहायला जादा पैसे पडत नाहीत. पुढे नवी मोहीम काढलीच, तर ‘आधीची पोस्ट वापरा’ हा पर्याय घ्यावा, म्हणजे तिच्याखालच्या ‘आंबे गोड निघाले’ अशा कमेंटी नव्या गिऱ्हाइकालाही दिसत राहतात.