आजी, कुकर आणि मध्ये फोन

तोक्योच्या पूर्व भागातील निशिकासाई परिसरात भारतीय कुटुंबे बरीच आहेत आणि त्यांत मराठी घरेही आहेत. अशा एखाद्या घरी साताऱ्याहून आजी राहायला आल्या आहेत असे समजा. मुलगी आणि जावई कामावर गेले आहेत. घरासाठी भाताचा विजेचा कुकर घ्यायला आजी एकट्याच इलेक्ट्रॉनिक्सच्या मोठ्या दुकानात गेल्या. कुकरवरची सगळी बटणे जपानी आहेत, विक्रेत्या तरुणाला मराठी येत नाही आणि आजींना जपानी येत नाही. मध्ये आहे तो फक्त फोनवरचा भाषांतराचा ॲप.

गूगल ट्रान्सलेटमध्ये बोलून संवाद साधण्याची सोय 2011 साली अँड्रॉइड फोनवर प्रायोगिक स्वरूपात आली. तेव्हा ती फक्त इंग्रजी आणि स्पॅनिश या दोन भाषांपुरती होती. मराठी या सेवेत 2013 मध्ये आली. आज या सोयीत दोन भाषा निवडायच्या, आपण मराठीत बोलायचे, समोरच्याने जपानीत बोलायचे आणि फोनने प्रत्येकाचे बोलणे दुसऱ्याला त्याच्या भाषेत ऐकवायचे.

त्या दोन क्षणांत फोन तीन वेगळी कामे करतो. आधी तो आवाज ऐकून त्याचे अक्षरांत रूपांतर करतो, मग त्या मजकुराचे भाषांतर करतो आणि शेवटी भाषांतर वाचून दाखवतो. चुका पहिल्याच पायरीवरही होऊ शकतात. दुकानात जाहिरातींचे संगीत चालू असते, घोषणा होत असतात. त्या गोंगाटात आजींनी म्हटलेले ‘सात’ फोनला ‘साठ’ ऐकू आले, तर पुढचे भाषांतर कितीही अचूक असले तरी विक्रेत्याच्या हाती चुकीचाच आकडा पडतो. म्हणून भाषांतर ऐकण्याआधी पडद्यावर उमटलेले आपले मराठी वाक्य वाचावे. ते चुकले असेल तर फोन तोंडाजवळ धरून पुन्हा बोलावे. आकडा महत्त्वाचा असेल तर तो लिहूनच दाखवावा.

दुसरी अडचण थांबण्याची आहे. भाषा आपोआप ओळखणारा पर्याय चालू असला की, बोलणारा जरा थांबला तरी वाक्य संपले असे ॲप धरून चालतो. आजी म्हणतात, “भात नंतर गरम ठेवायचा…” आणि श्वास घेऊन जोडतात, “…नाही.” मराठीत नकार बहुधा वाक्याच्या शेवटी येतो, जपानीतही तसेच. मधल्या थांब्यावर वाक्य तुटले तर विक्रेत्याला बरोबर उलटी मागणी ऐकू येते. यावर उपाय सोपा आहे. आपोआपचा पर्याय सोडून प्रत्येकाने आपल्या भाषेचे बटण दाबून बोलावे आणि वाक्य लहान ठेवावे. “भात झाला की कुकर बंद करायचा आहे” असे होकारार्थी वाक्य केले तर नकार हरवण्याचा धोकाच उरत नाही.

विक्रेत्यालाही हे सांगावे लागते. जपानी दुकानांत ग्राहकाशी अतिशय आदरार्थी, लांबलचक वाक्यांत बोलण्याची रीत आहे. त्या वाक्यांत नेमकी कृती मागे पडते आणि भाषांतर गोंधळते. “कृपया लहान वाक्यांत सांगा, एका वेळी एकच गोष्ट” हे आजींचे पहिलेच वाक्य असावे. त्यांनीही “हे बघ बाळा” अशी सुरुवात टाळलेली बरी. फोन ‘बाळा’चे भाषांतर तान्हे मूल असे करून बसला तर विक्रेता गोंधळेल.

आता प्रत्यक्ष कुकर. आजींची मागणी अशी: रात्री तांदूळ धुऊन पाणी घालून ठेवायचे आणि सकाळी सातला भात तयार हवा. जपानी कुकरवर यासाठी 予約 असे बटण असते. फोनचा कॅमेरा त्या अक्षरांवर धरला तर भाषांतर ‘आरक्षण’ असे येऊ शकते, कारण हॉटेलची खोली राखून ठेवण्यासाठीही हाच शब्द वापरतात. इथे त्याचा अर्थ टायमर आहे. आजी विचारतात, “मी सात लावले तर कुकर सातला सुरू होईल, की सातला भात तयार होईल?” हा प्रश्न विचारायलाच हवा. सर्वसाधारणपणे या कुकरांवर लावलेली वेळ भात तयार होण्याची असते. कधी सुरू व्हायचे ते कुकर स्वतः ठरवतो.

आणखी एक खाचखळगा घड्याळाचा आहे. अनेक कुकरांवर वेळ 24 तासांच्या पद्धतीने दिसते. सकाळचे सात म्हणजे 7:00 आणि संध्याकाळचे सात म्हणजे 19:00. शिवाय कुकरचे घड्याळच चुकीचे असेल तर टायमरही चुकतो. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी घड्याळ तपासायचे, मग 白米 म्हणजे पांढरा तांदूळ निवडायचा, मग 予約 दाबून 7:00 लावायचे आणि शेवटी 炊飯 म्हणजे शिजवण्याचे बटण दाबायचे. 炊飯 दाबेपर्यंत टायमर सुरू होत नाही. शिजवून झाले की बहुतेक कुकर आपोआप 保温 म्हणजे गरम ठेवण्याच्या अवस्थेत जातात. ती बंद करायला 取消 असते, काही कुकरांवर 切.

एवढे सगळे फोनवरून नीट कळले की नाही, हे कसे ओळखायचे? “समजले का?” या प्रश्नाला विक्रेताही ‘हो’ म्हणतो आणि आजीही ‘हो’ म्हणतात. त्याऐवजी मांडलेल्या नमुन्यावर विक्रेत्याने एकदा सगळी बटणे दाबून दाखवावीत. मग 取消 दाबून सगळे पुसावे आणि आजींनी तीच बटणे स्वतः दाबावीत. पडद्यावर 7:00 आणि 予約 दोन्ही दिसले की काम झाले. हे चित्रित करून ठेवायचे असेल तर आधी परवानगी मागावी, कारण कित्येक दुकानांत फोटो काढायला मनाई असते. ॲपमधला संवादाचा मजकूरही जपून ठेवावा. संध्याकाळी मुलीला तो वाचून शंका सोडवता येतील.

काही प्रश्नांना ॲप कितीही चांगला असला तरी दुकानातून पुरेसे उत्तर मिळणार नाही. कुकरसोबतचा माप-पेला 180 मिलिलिटरचा असतो आणि भांड्यातल्या पाण्याच्या रेषा जपानी, आखूड दाण्याच्या तांदळासाठी आखलेल्या असतात. कोलम किंवा बासमतीसाठी पाणी किती, हे विक्रेत्याने मनाने सांगितले तरी पहिले दोन-तीन भात घरीच, थोड्या तांदळावर करून पाहावे लागतात.

दोन गोष्टी मात्र दुकान सोडण्यापूर्वी विचारायच्या. जपानमध्ये घरगुती वीज 100 व्होल्टची आहे, भारतात 230. हा कुकर पुढे साताऱ्याला न्यायचा असेल तर “हा भारतात थेट चालेल का?” असे विचारून खोक्यावरचा व्होल्टचा आकडा बोट ठेवून दाखवायला सांगावा. तिथे फक्त 100V लिहिले असेल तर परदेशी वापरासाठी बनवलेला वेगळा कुकर आहे का, हे विचारावे. दुसरी गोष्ट 保証書 म्हणजे हमीपत्र. त्यावर खरेदीची तारीख आणि दुकानाचा शिक्का आहे का, ते काउंटरवरच पाहावे, किंवा पावती त्याला जोडून ठेवावी. ही हमी सहसा फक्त जपानपुरती असते, त्यामुळे “भारतात दुरुस्ती मिळेल का?” हा प्रश्नही पैसे देण्याआधी त्याच फोनवरून विचारून घ्यावा.