सोळा जीबी रॅम: एक स्टिक की दोन?

गेमिंगचा पीसी असेंबल करायला गेलं की दुकानदार एक सल्ला हमखास देतो: "सोळा जीबीची एकच स्टिक टाका, एक स्लॉट मोकळा राहील. पुढे लागलीच तर वाढवता येईल." ऐकायला हे शहाणपणाचं वाटतं आणि काही मशीनवर ते चालूनही जातं. पण यात दोन वेगळे प्रश्न एकात मिसळलेले आहेत. सोळा जीबी पुरते का, हा एक. ती रॅम प्रोसेसरशी एका वाटेने बोलते की दोन वाटांनी, हा दुसरा.

आधी पुरण्याचं बघू. 2023 साली आलेल्या 'हॉगवर्ट्स लेगसी'ने सोळा जीबी ही किमान गरज म्हणून छापली, तेव्हा बरीच कुजबुज झाली होती. आता त्याचं कुणाला काही वाटत नाही. 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' आणि 'डूम: द डार्क एजेस' या दोन्ही गेमना किमान 16 जीबी लागते, शिफारस मात्र 32 ची आहे. 'मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर 2024' तर आदर्श म्हणून 64 चा आकडा सांगतो. हे आकडे वाचून घाबरायचं कारण नाही. शिफारशीचा रकाना सहसा चढ्या सेटिंग्जसाठी असतो. मोठा गेम साधारण आठ ते बारा जीबी घेतो, विंडोज आणि मागे चालणारे किरकोळ प्रोग्रॅम आणखी तीन-चार जीबी खातात. म्हणजे सोळात बसतं, पण ऐसपैस नाही. गेममागे क्रोमचे वीस टॅब, डिस्कॉर्ड आणि रेकॉर्डिंग चालू असेल तर मात्र गाडी अडते.

अडली की नाही, हे घरच्या घरी कळतं. अर्धा तास गेम खेळा, मग Alt+Tab करून टास्क मॅनेजरमध्ये Performance खाली Memory उघडा. नुसता In use चा आकडा बघून निष्कर्ष काढू नका. रॅम मोकळी असली की विंडोज आणि गेम दोघेही ती वापरून घेतात, त्यामुळे बत्तीस जीबीच्या मशीनवर तोच गेम जास्त खाताना दिसतो. बघायचं ते Committed. तिथे पहिला आकडा तुमच्या रॅमच्या बराच पुढे, समजा बावीस जीबीवर गेला असेल, In use काठोकाठ असेल आणि नव्या भागात शिरताना चित्र क्षणभर थिजून त्याच वेळी डिस्कचा आलेख उसळत असेल, तर रॅम खरोखर कमी पडते आहे. विंडोज तेव्हा रॅममधला मजकूर डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये हलवत असतं. एसएसडीवर हा धक्का छोटा लागतो, जुन्या हार्ड डिस्कवर जीव नकोसा होतो.

इथे एक गफलत फार होते. आठ जीबीचं ग्राफिक्स कार्ड भरून गेलं तरी गेम असाच अडखळतो. कार्डात न मावलेली टेक्श्चर्स मग साध्या रॅममध्ये जाऊन बसतात आणि तिथून ती वेळेत येत नाहीत. टास्क मॅनेजरच्या GPU पानावर Dedicated GPU memory काठाला लागलेली आणि Shared GPU memory वाढत चाललेली दिसली, तर दुखणं कार्डाचं आहे. रॅम विकत घेऊन ते बरं होत नाही. टेक्श्चरची सेटिंग एक पायरी खाली आणा, तेवढ्याने फरक पडतो.

आता वाटांकडे. घरगुती पीसीच्या प्रोसेसरला रॅमसाठी साधारणपणे दोन चॅनल असतात आणि प्रत्येक चॅनल एका वेळी 64 बिट, म्हणजे 8 बाइट वाहून नेतो. डीडीआर4-3200 ची स्टिक सेकंदाला 320 कोटी फेऱ्या करते. आठने गुणलं की 25.6 जीबी. एकच स्टिक असेल तर दुसरा चॅनल रिकामा बसतो आणि हिशोब इथेच थांबतो. आठ-आठच्या दोन स्टिक दोन चॅनलवर लावल्या की तीच सोळा जीबी सेकंदाला 51.2 जीबी देऊ शकते. रस्ता दोन पदरी झाल्यासारखंच आहे हे: एकट्या गाडीचा वेग वाढत नाही, पण गर्दी असेल तर दुप्पट गाड्या निघतात.

मग गर्दी कुठे असते? जिथे ग्राफिक्स कार्ड नाही तिथे. आपल्याकडच्या स्वस्त असेंबल मशीनमध्ये रायझन 5 5600जी वर्षानुवर्षं चालला, त्याचंच उदाहरण घेऊ. त्याच्या पोटातल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नाही. तो रॅमच वापरतो, आणि तीही प्रोसेसरबरोबर वाटून घेऊन. आरटीएक्स 3060 च्या बारा जीबीच्या कार्डाला स्वतःची सेकंदाला 360 जीबीची वाट मिळते, आणि इथे दोघांत मिळून पंचवीस! एका स्टिकवर अशा मशीनचे साधारण चौथा ते तिसरा हिस्सा फ्रेम जातात, कधी त्याहून जास्त. पंचेचाळीसला चालणारा गेम तिशीत येतो. शिवाय बायोसने ग्राफिक्ससाठी दोन जीबी बाजूला काढली असेल तर टास्क मॅनेजरमध्ये ती Hardware reserved म्हणून दिसते आणि हाती चौदाच उरतात. दुकानदाराचा सल्ला नेमका याच गिऱ्हाइकाला दिला जातो, आणि नेमका यालाच तो सगळ्यात महाग पडतो.

लॅपटॉपवर तर याचा पुरावा नावातच मिळतो. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक आय5 आणि आय7 लॅपटॉपमध्ये एकच स्टिक असेल तर डिव्हाइस मॅनेजर ग्राफिक्सचं नाव Intel UHD Graphics दाखवतो. दुसरी स्टिक घातली की तीच चिप Intel Iris Xe Graphics होते. तुमच्या लॅपटॉपच्या डब्यावर एक नाव आणि पडद्यावर दुसरं असेल, तर आधी रॅमचा स्लॉट तपासा.

वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर चित्र बदलतं. 1440पी किंवा 4के वर चढ्या सेटिंग्ज लावल्या की सगळा भार कार्डावर असतो आणि एक स्टिक की दोन, याने सरासरीत फारसं हलत नाही. 1080पी वर सेटिंग्ज खाली आणून 'काउंटर-स्ट्राइक 2' दीडशे-दोनशे फ्रेमला खेळणाऱ्याला मात्र फरक जाणवतो, कारण तिथे प्रोसेसर धापा टाकत असतो. तोही सरासरीपेक्षा अधूनमधून बसणाऱ्या झटक्यांत जास्त दिसतो. 7800एक्स3डी सारख्या मोठ्या कॅशच्या प्रोसेसरला याची झळ कमी लागते, कारण त्याला रॅमकडे मुळात कमी वेळा जावं लागतं.

दोन स्टिक घेऊनही काम बिघडतं ते बसवताना. चार स्लॉटच्या मदरबोर्डवर दोन स्टिक शेजारीशेजारी लावल्या तर बहुतेक बोर्डांवर दोन्ही एकाच चॅनलवर जातात. प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा, बोर्डावर A2 आणि B2 लिहिलेलं असतं. खात्रीसाठी CPU-Z च्या Memory पानावर चॅनलची नोंद पाहा. डीडीआर5 मध्ये प्रत्येक स्टिक आतून 32 बिटच्या दोन भागांत वाटलेली असते, त्यामुळे तिथे 4 x 32-bit दिसलं तर दोन्ही चॅनल चालू आहेत आणि 2 x 32-bit दिसलं तर एकच. नवी रॅम लावल्यावर डीडीआर5 ची मशीन पहिल्यांदा मिनिटभर, कधी थोडा जास्त वेळ, काळा पडदा दाखवते. घाबरून बटण दाबू नका, ती रॅमशी वेग जुळवून घेत असते.

2025 च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेत, त्यामुळे बत्तीस घेऊन टाका असं सरसकट सांगणं सोपं राहिलेलं नाही. कार्ड नसलेल्या मशीनसाठी आठ-आठच्या दोन स्टिकच घ्या, यात तडजोड नको. चांगलं कार्ड असलेल्या डीडीआर5 मशीनवर पैसे पुढच्या वर्षी येणार असतील, तर आज सोळाची एक आणि नंतर तशीच दुसरी, हे चालेल. आठ-आठच्या दोन घेऊन पुढे आणखी दोन घालायचा बेत मात्र करू नका, कारण चार स्टिकवर डीडीआर5 चा वेग बराच खाली आणावा लागतो. आणि दुसरी स्टिक घेताना पहिलीवरचं लेबल मोबाइलमध्ये टिपून दुकानात न्या. फक्त "सोळाची द्या" म्हणालात तर भलताच वेग हातात पडतो आणि दोन्ही स्टिक सहसा मंद असलेलीच्या चालीने चालतात.