पाच ओळींची यादी आणि तीन माणसं

‘या यादीतली दुबार नावं काढून टाका.’ असा निरोप एखाद्या ग्रंथालयाच्या कार्यालयातून संगणक सांभाळणाऱ्याकडे जातो आणि दोन्हीकडच्यांना वाटतं, काम ठरलं. पण या वाक्यात दोन गोष्टी सांगायच्या राहून गेलेल्या असतात: कोणत्या ओळी ‘एकच’ धरायच्या, आणि त्यातली कोणती ठेवायची. त्या राहिल्यामुळे काय काय घडू शकतं, ते पाच ओळींच्या एका कल्पित यादीवर पाहू.

पहिली ओळ: सुनीता कुऱ्हाडे, सभासद 1998 पासून, जुना पत्ता, मोबाईलचे शेवटचे अंक 41. दुसरी: सुनीता कुऱ्हाडे, नोंद 2022 ची, नवा पत्ता, मोबाईल 41. तिसरी: ‘सुनिता’ कुऱ्हाडे, नि ऱ्हस्व, मोबाईलचा रकाना कोरा. चौथी: सुनीता कुऱ्हाडे, मोबाईल 77. पाचवी: अनिल कुऱ्हाडे, मोबाईल पुन्हा 41.

पूर्ण ओळ जुळली तरच दुबार म्हणायचं ठरवलं, तर पाचही ओळी राहतात. फक्त नाव पाहायचं ठरवलं, तर पहिली, दुसरी आणि चौथी एक व्हायला हवी. पण तसं होईलच असं नाही, आणि इथे आपल्या लिपीतली एक अद्भुत गोष्ट समोर येते. ‘कुऱ्हाडे’मधला ऱ्ह पडद्यावर एकसारखा दिसतो, पण आत तो निरनिराळ्या तऱ्हांनी साठवलेला असू शकतो. युनिकोडमध्ये ऱ या अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. तो वापरून पुढे हलन्त आणि ह लिहिता येतो. किंवा साधा र, हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह आणि ह असंही लिहिता येतं. कोणता मार्ग वापरला जाईल, ते कीबोर्डवर अवलंबून असतं. अक्षरशः तुलना करणाऱ्या पायथॉनला विचारा:

```python
"कु\u0931\u094Dहाडे" == "कु\u0930\u094D\u200Dहाडे"
# False
```

युनिकोडची ‘प्रमाणीकरण’ नावाची सोय आहे, पण ती या दोन रूपांना एक मानत नाही; ते आपल्यालाच मुद्दाम करावं लागतं. आपल्या यादीत फक्त दुसरी ओळ या अदृश्य चिन्हाने लिहिलेली असेल, तर नावावरून चार ओळी उरतात. चिन्हाचा बंदोबस्त केला की तीन. ऱ्हस्व-दीर्घही माफ केलं की दोन.

मोबाईलवरून पाहिलं तर? पहिली, दुसरी आणि पाचवी एक होतात, उरतात तीन. ‘नाव किंवा मोबाईल, काहीही जुळलं तरी चालेल’ म्हटलं, तर साखळी बनते: ऱ्हस्व-दीर्घ माफ असल्याने चारही सुनीता नावाने जोडल्या जातात, पहिलीच्या मोबाईलने अनिल त्यांना येऊन चिकटतो, आणि उरते एकच ओळ. पाचापासून एकापर्यंत प्रत्येक उत्तर निघालं, आणि प्रत्येक त्या त्या नियमाने बिनचूक आहे.

आता खरी माणसं पाहू. पहिल्या तीन ओळी एकाच सुनीताबाईंच्या. चौथी सुनीता वेगळी, दुसऱ्या गल्लीतली. अनिल हे पहिल्या सुनीताबाईंचे यजमान. घरात मोबाईल एकच. म्हणजे माणसं तीन. दोन नियमांनीही तीनच ओळी दिल्या होत्या! पण नावाच्या नियमात दुसऱ्या गल्लीतल्या सुनीता गायब झाल्या, मोबाईलच्या नियमात अनिल, आणि दोन्हीकडे पहिल्या सुनीताबाई दोनदा राहिल्या. आकडा बरोबर आणि यादी चूक, हे मला या सगळ्यात सर्वांत थक्क करणारं वाटतं. एक्सेल शेवटी ‘इतक्या काढल्या, इतक्या उरल्या’ एवढंच सांगतं. कोणत्या गेल्या ते सांगत नाही. कोरा रकाना त्याहून धोकादायक. पायथॉनमधलं पांडास दोन कोऱ्या जागा सारख्याच धरतं, त्यामुळे मोबाईलवरून छाननी केली तर मोबाईल नसलेले सगळे सभासद मिळून एक होतात.

आता कोणती ओळ ठेवायची? एक्सेल वरची ठेवतं. म्हणजे यादी कशी लावली आहे, त्यावर माणसाचा पत्ता ठरतो. जुनी नोंद वर असेल तर सुनीताबाईंचं पुस्तक जुन्या घरी जाईल; नवी वर असेल तर त्यांचं 1998 पासूनचं सभासदत्व पुसलं जाईल. इथे कोणतीच ओळ जशीच्या तशी ठेवण्यासारखी नाही. तारीख पहिलीतून आणि पत्ता दुसरीतून घेऊन एक ओळ बांधावी लागते.

म्हणून निरोप असा लिहावा: ‘नाव आणि मोबाईल दोन्ही जुळलं तरच दुबार धरा, ऱ्हची रूपं आधी एक करा, मोबाईल कोरा असेल किंवा नावात ऱ्हस्व-दीर्घाचाच फरक असेल, तर खूण करून मला दाखवा, सभासदत्वाची तारीख सर्वांत जुनी, पत्ता सर्वांत नवा, मूळ यादी जपून ठेवा.’ या निरोपाने तिसरी ओळ माणसाच्या नजरेखाली येते, आणि ती सुनीताबाईंचीच आहे की नाही, हे त्यांना विचारूनच कळतं.